मावशीचा फोटो आणि बावधनचा पत्ता: प्रकल्प नोंदी

२ जून, संध्याकाळ

मावशीचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला, डायरीचं फाडलेलं पान, त्यावर निळ्या पेनने पत्ता, आणि खाली एकच वाक्य, "हे नीट लिहून दे." बास. कुरिअरला द्यायचंय की पोस्टाने, मराठीत हवंय की इंग्रजीत, ऑनलाइन फॉर्म भरायचाय की पाकिटावर लिहायचंय, काहीच नाही. घरात टायपिंगवाली मीच असल्यामुळे असले फोटो महिन्यातून दोन-चार तरी येतात, आणि दरवेळी काहीतरी घोळ होतोच, म्हणून यावेळी ठरवलं की काय काय केलं ते लिहून ठेवायचं.

फोटोत जे दिसलं ते आधी जसंच्या तसं उतरवलं, काही न सुधारता (नाव आणि नंबर इथे झाकलेत):

```
बाळासो क. ख.
मळ्याची वस्ती शेजारी शाळा
मु पो बावधन ता वाई
सातारा ४१२८०३
मो ९××××××××
```

ही पहिली पायरी मी आता सोडत नाही. आधी सरळ डोक्यात दुरुस्त करून टाइप करायचे आणि मग मूळ कागदावर काय होतं आणि मी काय घातलं हे मलाच आठवायचं नाही. कच्ची प्रत वेगळी, पक्की वेगळी.

उतरवताना अंक मोजले. पिन सहा आकडी, बरोबर. मोबाइल दहा आकडी पाहिजे, इथे नऊच. झूम करून पाहिलं तर पानाची उजवी कड फोटोच्या बाहेर गेलीये, शेवटचा आकडा कापलाय. मावशीला लिहिलं, "पान सपाट ठेव, चारी कोपरे दिसू देत, आणि फोन वरून सरळ धर, तिरका नको." अंक मोजायला दहा सेकंद लागतात आणि निम्म्या चुका तिथेच सापडतात.

३ जून

नवा फोटो आला, आता नंबर पूर्ण दहा आहे. मावशीला फोन करून विचारलं नीट म्हणजे कसं, तर म्हणाली, "अगं नीट म्हणजे नीट, वाचता येईल असं." मग खोदून विचारल्यावर कळलं की जमिनीच्या कागदांच्या झेरॉक्स पाठवायच्यात, शेजारचा मुलगा उद्या-परवा कुरिअरच्या काउंटरवर जाणार, तो माझा मेसेज बघून स्लिपवर उतरवेल. म्हणजे माझं लिखाण तिसऱ्याच माणसाच्या हातात जाणार, तो कॉपी करणार, त्याला ना बावधन माहीत ना बाळासो.

हे कळल्यावर काम बदललं. म्हणजे मला शंका असेल तर ती पत्त्याच्या आत लिहायची नाही. मागे एकदा मी एका ओळीत कंसात "बहुतेक" असं लिहिलं होतं आणि उतरवणाऱ्याने पाकिटावर ते पण सुबक अक्षरात लिहिलं, अमुक नगर, बहुतेक. तेव्हापासून शंका वेगळ्या मेसेजमध्ये. पत्त्याचा मेसेज असा की डोळे झाकून कॉपी केला तरी चालेल.

मग ठरवलं की काय मला करायची मुभा आहे आणि काय नाही. क्रम बदलणं, स्वल्पविराम, ओळी पाडणं, "सातारा"च्या आधी "जि." लावणं हे माझं काम. नाव बदलणं, खूण वाढवणं, पिन "सुधारणं" हे माझं नाही, ते विचारून. सुधारण्याचा मोह किती होतो ते पुढे येईलच.

"जि." लावणं फालतू वाटेल पण नाही. कागदावर नुसतं "सातारा" आहे, आणि स्लिपवर शहर असा रकाना असतो, तिथे उतरवणारा पोरगा बिनधास्त सातारा लिहिणार. सातारा शहर वेगळं, सातारा जिल्हा वेगळा. गाव वाई तालुक्यात आहे, पाकीट वाईला गेलं पाहिजे. पिन बरोबर असला तर बहुतेक वेळा वाचतं, पण दोन रकाने दोन वेगळ्या गावांची नावं सांगायला लागले की काउंटरवरचा माणूस त्याला सोयीचं वाटेल ते धरतो.

४ जून, सकाळ

आज अंकांवर बसले. या पानावर पिन मराठी आकड्यांत आहे आणि फोन नंबर अर्धा मराठी अर्धा इंग्रजी, हे आपल्याकडे सर्रास असतं, लोक बोलता बोलता लिहितात. यातला त्रास म्हणजे काही आकडे दुसऱ्या लिपीतल्या भलत्याच आकड्यासारखे दिसतात. मराठी ४ घाईत लिहिला की वर बंद होतो आणि इंग्रजी 8 होतो. मराठी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो, हा सगळ्यात डेंजर, कारण १ आणि ९ दोन्ही आकडे कुठेही बसू शकतात. मराठी ५ ला काहीजण असा सरळ दांडा देतात की इंग्रजी 4 वाटतो. मराठी ७ चा फाटा उलटला की इंग्रजी 6. आणि इंग्रजीतल्या इंग्रजीत 1 आणि 7 चं भांडण तर आहेच.

यावर माझा उपाय असा की एका शंकेच्या आकड्याकडे एकटं बघायचं नाही, त्याच हाताने त्याच पानावर तोच आकडा दुसरीकडे कुठे लिहिलाय का ते शोधायचं. या पानावर पिनमधला पहिला ४ वरून उघडा आहे, मधला ८ उलट्या कोयरीसारखा आहे, त्यामुळे पिन अख्खा मराठीत आहे हे नक्की. फोन नंबरात चौथ्या जागी एक गोल डोक्याचा आकडा आहे, तो मराठी १ की इंग्रजी 9? त्याच्या अलीकडचे तीन मराठीत, पलीकडचे इंग्रजीत, म्हणजे बरोबर सांध्यावर बसलाय. पहिल्या जागी जो ९ आहे तो मराठी ९ आहे, डावीकडे तोंड असलेला, म्हणून त्याच्याशी तुलना करून काहीच कळेना.

पहिल्या जागेला एक सोय असते, भारतातला मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, त्यामुळे तिथे १ वाचला तर आपणच चुकलो हे समजतं. चौथ्या जागेला अशी सोय नाही. अंदाज करण्यात अर्थ नाही, मावशीला दोन्ही नंबर पाठवले, "यातला कुठला तुझ्या फोनमध्ये सेव्ह आहे?" हे असं विचारलं की उत्तर लगेच येतं. "चौथा आकडा काय आहे गं" असं विचारलं असतं तर तिने परत त्याच कागदाचा फोटो पाठवला असता, अनुभव आहे. पाच मिनिटांत उत्तर आलं, १ वाला.

४ जून, रात्र

आता माझी स्वतःची चूक, होता होता राहिलेली.

पत्ता टाइप करताना ४१२८०३ वर थांबले. डोक्यात पक्कं होतं की सातारा म्हणजे ४१५. सातारा शहराचा ४१५००१, कराडचा ४१५११०, फलटणचा ४१५५२३, सगळे ४१५ वाले. मग वाटलं की कागदावरचा तिसरा आकडा २ नसून ५ असणार, बाळासो काकांचं अक्षर तसंही फरफटलेलं आहे, आणि ४१२ म्हणजे पुणे ग्रामीण, सातारा जिल्ह्याच्या पत्त्यात ४१२ कसं येईल? मी ४१५८०३ टाइप पण केलं. आणि किती समाधान वाटलं, की बघा आपण चूक पकडली.

झोपायच्या आधी म्हणलं एकदा पोस्टाच्या साइटवर पिन शोधून बघू. वाई टाकलं तर ४१२८०३. कागदावर होता तोच. पाचगणी ४१२८०५, महाबळेश्वर ४१२८०६, सातारा जिल्ह्याचा हा कोपराच ४१२ मध्ये आहे. काकांचं बरोबर होतं, मी दीडशहाणी.

मग नीट वाचून काढलं की पिन नेमका कशाचा असतो. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली, ते दळणवळण मंत्रालयात अधिकारी होते आणि संस्कृतचे कवी पण. गावांची नावं सारखीच, भाषा वेगळ्या, स्पेलिंग शंभर, त्यामुळे टपाल चुकायचं, त्यावर हा तोडगा. पहिला आकडा देशाचा विभाग, ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. पहिले तीन मिळून टपालाची वर्गवारी जिथे होते तो भाग, आणि शेवटचे तीन म्हणजे वाटप करणारं पोस्ट ऑफिस. यातला मुद्दा असा की ही टपालाच्या थैल्या कुठून कुठे जातात त्याची रचना आहे, महसुलाच्या जिल्ह्यांची नाही. म्हणून सातारा जिल्ह्यातली वाई ४१२ मध्ये, आणि उलट ४१५ बघायला गेलं तर त्यात चिपळूण ४१५६०५ आणि रत्नागिरी ४१५६१२ पण येतात, म्हणजे घाटाखालचा वेगळाच जिल्हा.

म्हणून जिल्हा आणि पहिले तीन आकडे जुळत नाहीत एवढ्यावरून पिन चूक ठरवायचा नाही. ताळा घ्यायचा तो पोस्ट ऑफिसच्या नावाशी. पत्त्यात "पो." नंतर जे नाव आहे ते, आणि पिन, हे दोन्ही पोस्टाच्या यादीत एकत्र सापडले पाहिजेत. नाही सापडले तरच शंका, आणि तेव्हाही आपण बदलायचं नाही, विचारायचं.

अजून एक, गावातलं छोटं पोस्ट म्हणजे शाखा डाकघर, ते ज्या उपडाकघराखाली येतं त्याचाच पिन वापरतं. म्हणजे एका पिनखाली डझनावारी गावं असू शकतात. त्यामुळे "पिन आहे ना, मग गावाचं नाव थोडं चुकलं तरी काय" हे शहरात चालेल, खेड्यात नाही.

५ जून

शेजारचा मुलगा म्हणाला काउंटरवर गर्दी असते, घरूनच ऑनलाइन फॉर्म भरून नेतो, तर फॉर्मसाठी पण दे. म्हणजे इंग्रजी. मी स्वतःच भरून बघितला म्हणजे कुठे अडतं ते कळेल.

एरियाच्या रकान्यात `Bavdhan` टाइप केलं की खाली पहिली सूचना येते ती पुण्याच्या बावधनची. साहजिक आहे, तिथे रोज शेकडो पार्सलं जात असतील. सूचनेवर टॅप केलं की शहर पुणे, पिन पुण्याचा, सगळं आपोआप भरतं, आणि मग तुम्ही फक्त पिन बदललात तरी शहर पुणेच राहतं. म्हणून उलट्या क्रमाने भरायचं. आधी पिन, मग त्यावरून राज्य आणि जिल्हा काय येतोय ते बघायचं, मग गाव हाताने टाइप करायचं, सूचना न घेता. शेवटी पूर्ण पत्ता जिथे दाखवतात तिथे पुणे हा शब्द कुठे शिल्लक नाही ना ते पाहायचं.

"मु. पो." चं काय करायचं हा दरवेळचा प्रश्न. मु. म्हणजे मुक्काम, पो. म्हणजे पोस्ट, आणि "मु. पो. बावधन" म्हणजे राहण्याचं गाव आणि पोस्टाचं गाव एकच. फॉर्मवाले लोक याला गावाच्या नावाचाच भाग समजतात, मी `Mupo Bavdhan` असं छापलेलं लेबल पाहिलंय. आपल्याकडे इंग्रजीत `A/P` लिहायची पद्धत आहे पण महाराष्ट्राबाहेरच्या माणसाला ते कळेलच असं नाही, म्हणून मी `At Post` असं पूर्ण लिहिते. आणि मुक्काम वेगळा, पोस्ट वेगळं असेल तर दोन्ही ठेवायचे, `At` अमुक वाडी, `Post` तमुक. त्यातलं पोस्टाचं नाव "जागा पुरत नाही" म्हणून उडवलं की पिनला धरायला काही उरत नाही.

नावाचा पण विचार केला. "बाळासो" म्हणजे बाळासाहेब, सातारा-कोल्हापूरकडे असंच लिहितात, आप्पासो, दादासो. पूर्ण करावं का? नाही केलं. आधी मला वाटलेलं ते संक्षेप आहे, पण कितीतरी लोकांच्या आधार कार्डावरच बाळासो असतं, आणि पाकीट देताना कोणी ओळखपत्र मागितलं तर कागदावरचं नाव जुळलेलं बरं. मावशीला विचारलं, ती म्हणाली बाळासोच लाव, बँकेत पण तसंच आहे.

खुणेचं भाषांतर करायचं नाही, हे मी ठामपणे सांगेन. वस्ती म्हणजे वस्ती, `Malyachi Vasti`, तिचं `Farm Colony` केलंत तर डिलिव्हरीवाला गावात ज्याला विचारेल त्याला कळणार नाही. `Near`, `Behind`, `Opposite` एवढेच शब्द इंग्रजी, बाकी गावात ज्या नावाने ओळखतात तेच.

"मळ्याची वस्ती शेजारी शाळा" यावर मात्र अडले. वस्तीच्या शेजारी शाळा आहे, की घर शाळेच्या शेजारी आहे? मावशी म्हणाली घर शाळेला लागूनच, वस्तीतच. म्हणजे "मळ्याची वस्ती, शाळेशेजारी". झालं.

फॉर्मसाठी पाठवलं ते असं:

```
Name:      Balaso K. Kh.
Address 1: Malyachi Vasti
Address 2: At Post Bavdhan, Tal. Wai
Landmark:  Near School
City:      Wai
District:  Satara
State:     Maharashtra
Pin:       412803
Mobile:    9×××××××××
```

शहराच्या रकान्यात वाई टाकलं, कारण तिथे गाव टाकलं की परत पुण्याचा घोळ, आणि गाव वर आहेच. तालुका दोनदा आला, येऊ दे. काही फॉर्मांत ओळीला अक्षरांची मर्यादा असते आणि ते न सांगता शेपूट कापतात, म्हणून गाव ओळीच्या शेवटी ठेवत नाही, सुरुवातीला ठेवते. कापला गेला तर तालुका जावा, तो खालीही आहे.

६ जून

फॉर्म भरला आणि त्या कुरिअरने सांगितलं की या पिनला घरपोच सेवा नाही, ऑफिसातून येऊन न्यावं लागेल. काकांचं वय पाहता ते शक्य नाही, म्हणून शेवटी पोस्टानेच पाकीट. म्हणजे पहिल्या दिवशी जे विचारलंच नव्हतं तिथेच आलो. पाकिटासाठी मराठीत:

```
प्रति,
श्री. बाळासो क. ख.
मळ्याची वस्ती, शाळेशेजारी
मु. पो. बावधन, ता. वाई
जि. सातारा, महाराष्ट्र
पिन 412 803
मो. 9×××× ×××××
```

पिन मुद्दाम इंग्रजी आकड्यांत, कारण ४ तारखेला जो डोळेफोडीचा कार्यक्रम मी केला तो वर्गवारी करणाऱ्याने का करावा. पाकिटावर तीन-तीनचे गट पाडले की वाचायला सोपं जातं, फॉर्ममध्ये मात्र जागा सोडायची नाही, तिथे सहाच्या सहा सलग. पाकिटावर खाली चौकोन छापलेले असतील तर पिन त्यातच, एका चौकोनात एक.

पत्ता पाकिटाच्या लांब बाजूला समांतर, उजव्या अर्ध्या भागात, वर उजवा कोपरा तिकिटांसाठी मोकळा. पाठवणाऱ्याचा पत्ता डावीकडे खाली किंवा मागे, आणि त्याच्या आधी "प्रेषक" हा शब्द हवाच. मावशीचा आग्रह होता की आपला पत्ता पण समोरच मोठा लिहू. तिला सांगितलं लहान लिही आणि डावीकडे लिही, दोन पत्ते सारख्या आकाराचे शेजारी शेजारी दिसले की पाकीट फिरून आपल्याच दारात येऊ शकतं. बॉलपेननेच लिहायचं, जेल पेन नको, पावसाचे दिवस आहेत.

शेजारच्या मुलाने लिहिलेल्या पाकिटाचा फोटो मागवला. त्याने सगळं बरोबर उतरवलं होतं, फक्त "मु. पो." चं "मु. पु." झालं होतं. दुरुस्त करायला लावलं.

९ जून

दुसरा फोटो आला, मावशीच्या मैत्रिणीचा, तसंच "हे पण नीट लिहून दे". यात गावाच्या नावापुढे "बु॥" असं काहीतरी आहे, दोन उभ्या दांड्या. पहिल्यांदा वाटलं खाडाखोड. मग लक्षात आलं, बुद्रुक. जुन्या वळणात संक्षेपानंतर अशा दांड्या देतात. बुद्रुक म्हणजे मोठं, खुर्द म्हणजे लहान, एकाच नावाची दोन गावं, पुण्यात आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द आहेत तशी. हे शेपूट खाडाखोड समजून गाळलं असतं तर पाकीट शेजारच्या गावात फिरत बसलं असतं. आता पूर्ण शब्द लिहिते, फॉर्मवर `Budruk` पण पूर्ण, `Bk` नाही.

१२ जून

पोस्टमनचा काकांना फोन गेला. गाव सापडलं, वस्ती सापडली, पण शाळा दोन आहेत, जिल्हा परिषदेची एक आणि हायस्कूल एक, तो हायस्कूलपाशी उभा होता. फोन नंबर बरोबर होता म्हणून दोन मिनिटांत मिटलं. काकांनी पाकीट सही करून घेतलं.

कच्च्या प्रतीत नुसतं "शाळा" होतं आणि मी घर कुठल्या बाजूला ते विचारलं, पण शाळा कुठली ते विचारलंच नाही. पक्क्या प्रतीत बदल करून ठेवला: मळ्याची वस्ती, जि. प. शाळेशेजारी. मावशीलाही पाठवला आणि डायरीत चिकटवून ठेवायला सांगितला.